माझी चौपन्नची सरासरी

मला राग लवकर येतो आणि लाज उशिरा. राग आला की मी बोलून मोकळी होते. लाज मात्र एकदा आली की मुक्कामालाच राहते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची अशीच एक लाज अजून माझ्याकडे आहे. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कुणी चार शाखांच्या सरासऱ्या घेतल्या, त्यांची बेरीज केली आणि चाराने भागली, की माझे कान गरम होतात. समोरच्याला वाटतं बाई चिडल्या. चिडलेली असतेच मी, पण त्याच्यावर नाही.

तेव्हा मी नागपुरात बीएस्सी करत होते, विषय संख्याशास्त्र. आमचं घर सक्करदऱ्याला, बाबांचं कापडाचं दुकान इतवारीत. मी कॉलेजच्या मुलींच्या क्रिकेट टीममध्ये सलामीला खेळायचे, म्हणजे खेळायला धडपडायचे. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी टीम निघायची होती. सलामीच्या दोन जागा होत्या. एक कप्तान मुलीची, तिच्याबद्दल वादच नव्हता. दुसरी आमच्या दोघींपैकी एकीला मिळणार होती. तिसरी सलामीवाली न्यायची नाही, त्याऐवजी एक बॉलर जास्त न्यायची, हे क्रीडाशिक्षक सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

आमच्या दोघींतली दुसरी खापरखेड्याहून यायची. तिचे वडील तिथल्या वीज केंद्रात कामाला, घर कॉलनीत. टीममध्ये सगळ्या तिला खापरखेडाच म्हणायच्या. "खापरखेडा, बॉल टाक", "खापरखेडा, चहा सांग". तीही ओ द्यायची. ती माझ्याच वर्गात होती, माझ्याच बाकावर बसायची आणि नेट्समध्ये माझ्यानंतर बॅटिंग करायची. सकाळच्या सरावासाठी ती अंधारात घरून निघायची. मी मात्र स्कूटीवर दहा मिनिटांत यायचे आणि तरी उशिरा यायचे.

जिमखान्याच्या खोलीत एक हिरवा फळा होता. सर त्यावर प्रत्येकीची सरासरी लिहायचे. त्या हंगामात आम्ही सरावाच्या दोन स्पर्धा खेळलो होतो. पहिली छोटी, तीन सामन्यांची. दुसरी मोठी, आठ सामन्यांची, शहरातल्या क्लबांच्या मुलींविरुद्ध. सरांच्या फळ्यावर तीन रकाने होते: पहिल्या स्पर्धेची सरासरी, दुसऱ्या स्पर्धेची सरासरी आणि तिसऱ्यात दोन्हींची मिळून सरासरी. ती तिसरी कशी काढायची? दोन्ही मिळवायच्या आणि अर्ध्या करायच्या. सर वर्षानुवर्षं असंच करत आले होते आणि आजवर कुणी चकार शब्द काढला नव्हता. पालक भांडायला आले की सर त्यांना फळ्यासमोर उभं करायचे. म्हणायचे, "आकडा बोलून राहिला, मी नाही बोलून राहिलो."

माझ्या नावापुढे नव्वद आणि अठरा. मिळून चौपन्न. तिच्या नावापुढे चाळीस आणि चौतीस. मिळून सदतीस.

चौपन्न आणि सदतीस. यात विचार करण्यासारखं काय होतं? सरांनी यादीत माझं नाव लिहिलं. मी बाबांना फोन केला. बाबांनी दुकानाच्या गल्लीत पेढे वाटले, शेजारच्या भांड्याच्या दुकानदारालाही. "माझ्या पोरीची चौपन्नची सरासरी हाय," असं ते गिऱ्हाइकांना कापड दाखवता दाखवता सांगायचे म्हणे. ब्लाउजपीस घ्यायला आलेल्या बायकांनी त्या सरासरीचं काय केलं असेल देव जाणे.

यादी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत विद्यापीठात पोचवायची होती. खापरखेड्याने माझं अभिनंदन केलं. बॅट पिशवीत घालता घालता ती म्हणाली, "चांगली खेळली तू. मलेच जमून नाही राहिलं." मी तिच्या पाठीवर थाप मारली. पुढच्या वर्षी नक्की, असं काहीतरी मोठ्या बहिणीच्या थाटात म्हणाले. ती माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठी होती.

त्याच दुपारी संख्याशास्त्राचा तास होता. शिकवणाऱ्या मॅडम बुटक्या, आवाज खणखणीत, आणि पुस्तकातली उदाहरणं त्यांना आवडत नसत. त्या दिवशी विषय होता भारित सरासरी. मॅडमनी विचारलं, "क्रिकेट कोण खेळतं इथे?" सगळा वर्ग माझ्याकडे वळला. मी उभी राहिले. खरं सांगायचं तर मॅडमचा प्रश्न संपायच्या आधीच अर्धी उठले होते.

"तुझी सरासरी किती?"

"चौपन्न, मॅडम. पहिल्या स्पर्धेत नव्वद, दुसऱ्या स्पर्धेत अठरा."

मॅडमनी फळ्यावर नव्वद लिहिलं, अठरा लिहिलं, आणि खडू तिथेच थांबवला.

"नव्वद कशी आली? बॅटिंगची सरासरी कशी काढतात, सांग वर्गाला."

हे मला पाठ होतं. "एकूण धावा भागिले किती वेळा आउट झालो ते. नॉट आउट राहिलो तर ती खेळी भागाकारात मोजत नाहीत, धावा मात्र धरतात."

"छान. मग पहिल्या स्पर्धेत किती धावा आणि किती वेळा आउट?"

"नव्वद धावा. तीन सामने, त्यात दोनदा नॉट आउट. म्हणजे एकदाच आउट."

"दुसऱ्या स्पर्धेत?"

"एकशे चव्वेचाळीस धावा. आठ वेळा आउट." आठही सामन्यांत आउट झाले होते, हे मी जरा हळू आवाजात सांगितलं.

मॅडम फळ्याकडे वळल्या. "आता बघा. ही मुलगी दोन्ही स्पर्धा मिळून किती वेळा आउट झाली? नऊ वेळा. एकूण धावा किती? नव्वद आणि एकशे चव्वेचाळीस, दोनशे चौतीस. दोनशे चौतीस भागिले नऊ?"

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "सव्वीस!"

"सव्वीस. चौपन्न नाही." मॅडमनी सव्वीसभोवती गोल काढला. "चौपन्न कुठून आले? हिने दोन सरासऱ्यांची सरासरी काढली. म्हणजे जिथे ती एकदाच आउट झाली त्या स्पर्धेला अर्धं वजन दिलं आणि जिथे आठ वेळा आउट झाली त्या स्पर्धेलाही अर्धंच. एका माणसाचं मत आणि आठ माणसांचं मत सारखं मोजलं. नव्वदला एक पट वजन द्या, अठराला आठ पट द्या, मिळवा, नवाने भागा. बरोबर सव्वीस येतात."

वर्ग हसला. वाईट हसला नाही, वर्ग हसतो तसाच हसला. एकाने विचारलं, "मॅडम, म्हणजे सरासऱ्यांची सरासरी कधीच काढायची नाही?" मॅडम म्हणाल्या, "दोन्हीकडे आउट होण्याची संख्या सारखी असेल तर काढ की, उत्तर तेच येईल. नसेल तर मुळात जा. धावांची बेरीज, आउटची बेरीज, मग भागाकार." मी अजून उभीच होते. बस म्हणाल्या नव्हत्या, आणि मलाही बसायचं सुचलं नव्हतं.

मग मॅडमनी विचारलं, "तुलनेला आणखी कुणाचे आकडे आहेत?"

वर्गाने माझ्या शेजारी बोट दाखवलं. खापरखेडा म्हणाली, "राहू द्या ना मॅडम." मॅडमना काय माहीत? त्यांना टीमचं, यादीचं काहीच ठाऊक नव्हतं. "अगं, उदाहरणच आहे," म्हणाल्या. ती उठली. पहिल्या स्पर्धेत एकशे वीस धावा, तीन वेळा आउट. दुसऱ्या स्पर्धेत दोनशे चार धावा, सहा वेळा आउट. मॅडमनी लिहिलं, मिळवलं, भागलं. तीनशे चोवीस भागिले नऊ. छत्तीस.

"बघा, किती सुंदर उदाहरण मिळालं! दोघी नऊ-नऊ वेळा आउट. हिच्या धावा तीनशे चोवीस, हिच्या दोनशे चौतीस. नव्वद धावांचा फरक. आणि सरासऱ्यांची सरासरी काढली तर कमी धावांची मुलगी कितीतरी पुढे दिसते. निवड करणारा माणूस फसेल की नाही?"

आता वर्गात कुणी हसलं नाही. यादी लागलेली सगळ्यांना माहीत होती. मॅडम पुढे शिकवत होत्या. खापरखेडा माझ्या शेजारी बसली आणि वहीत ते गणित उतरवून घेऊ लागली. तिचं अक्षर नेहमीसारखंच नीट होतं, आणि मला तिच्याकडे मान वळवून बघवलं नाही.

तास सुटल्यावर आम्ही दोघी पायऱ्यांवर थांबलो. तिने काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती गप्प होती, म्हणून मीच सुरू केलं, आणि जे सुचलं ते रागाचंच.

"मी काय चोरी केली काय वं? फळ्यावर सरानं लिहिलं. मी लिहिलं काय?"

"मी कुठं म्हटलं?"

"मग अशी काहून बघून राहिली?"

"बघून नाही राहिली," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मले वाटे की मलेच येत नाही खेळता. सदतीस पाहून दोन रात्री झोपली नाही मी. बाबा म्हणे, टीममध्ये आली तर खेळ, नाही तर बस झालं हे सकाळचं जाणं. काल घरी सांगितलं मी, की नाही येत मी टीममध्ये. पुढच्या आठवड्यापासून बंद."

तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. बस किती वाजता आहे हे सांगावं तसं सांगितलं. मी लगेच सरांकडे जायला हवं होतं. जिमखाना शंभर पावलांवर होता. मी म्हटलं, "बघते मी." आणि स्कूटीला किक मारून घरी गेले. जाताना जिमखान्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर मी काय बघितलं ते सांगायला हवं. माझ्याकडे टीमचं स्कोअरबुक होतं, धावांच्या नोंदी मीच ठेवायचे. मी जेवणाचं ताट बाजूला सरकवलं आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसले. सरासरीत मी मागे आहे, ठीक. पण वीस षटकांच्या सामन्यात सलामीवालीने नुसतं टिकून काय करायचं? वेगाने धावा नकोत? दर षटकामागे, म्हणजे दर सहा चेंडूंमागे, कोण जास्त धावा काढते ते बघू. मी माझ्या प्रत्येक खेळीचा रन रेट काढला. एका सामन्यात मी चार चेंडूंत बारा धावा केल्या होत्या, तीन चौके आणि दांडी गुल. म्हणजे षटकामागे अठरा! असा एकेक रेट काढला, अकरा खेळींचे अकरा रेट मिळवले आणि अकराने भागले. सव्वासहा आले. तिचेही तसेच काढले. सहा आले.

पाव धावेने मी पुढे होते. त्या पाव धावेचा मला इतका आनंद झाला की मी सरकवलेलं ताट पुन्हा ओढलं आणि वरणभात दोनदा घेतला. आईने विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "न्याय झाला." पडलो तरी नाक वर, दुसरं काय!

सकाळी सरावाला न जाता मी थेट मॅडमच्या खोलीत गेले. मॅडमकडून एकदा 'बरोबर' ऐकलं की सरांसमोर उभं राहायची गरजच पडणार नाही, असा माझा बेत. मॅडमना मी यादीचं सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. "अरे देवा, आणि मी तुम्हा दोघींना वर्गात उभं केलं," म्हणाल्या. मग मी माझा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे चार चेंडूंत बारा. षटकामागे अठरा. बरोबर. आणि हे खालचं? चाळीस चेंडूंत वीस. षटकामागे तीन. या दोघांचीच सरासरी काढ बरं तुझ्या पद्धतीने."

"साडेदहा."

"आता दोन्ही खेळी मिळून किती धावा, किती चेंडू?"

"बत्तीस धावा. चव्वेचाळीस चेंडू." आणि तोंडातून आकडा निघता निघताच मला कळलं. चव्वेचाळीस चेंडूंत बत्तीस म्हणजे चेंडूमागे एक धावसुद्धा नाही. षटकामागे जेमतेम साडेचार, त्यापेक्षाही थोड्या कमी. साडेदहा कुठले?

"चार चेंडूंच्या खेळीला तू चाळीस चेंडूंच्या खेळीइतकंच वजन दिलंस," मॅडम म्हणाल्या. "कालचंच गणित आहे. काल आउट मोजायचे होते, आज चेंडू मोजायचे आहेत."

त्यांनी माझ्याकडून सगळ्या खेळींचे चेंडू मिळवून घेतले. माझे तीनशे बारा, म्हणजे बावन्न षटकं. दोनशे चौतीस धावा भागिले बावन्न, साडेचार. तिचे तीनशे चोवीस चेंडू, धावाही तीनशे चोवीस. चेंडूला धाव. षटकामागे सहा. ती माझ्यापेक्षा जास्त टिकलीही होती आणि वेगानेही खेळली होती.

मॅडम रागावल्या असत्या तर मला आवडलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "काल मला वाटलं तुला समजलं." समजलं होतं हो. नीट समजलं होतं. तरीही ते चूक आहे हे विसरून पुन्हा तेच केलं. जे गणित माझ्या विरुद्ध गेलं ते मी वर्गात सोडून आले आणि तीच चूक माझ्या बाजूची झाली तेव्हा तिला न्याय म्हटलं. मी अज्ञानी असते तर इतकी लाज वाटली नसती. मला येत होतं.

तिथून मी जिमखान्यात गेले. सर एकटेच होते, यादीवर शिक्का मारायच्या तयारीत. मी फळ्यासमोर उभी राहिले आणि सांगितलं. धावा, आउट, नवाने भाग. सव्वीस आणि छत्तीस. आधी सर उखडले. "इतकी वर्षं टीम काढून राहिलो मी, आता तू शिकवशील काय मले?" मग वळले. फळ्याकडे बघत त्यांचे ओठ हलायला लागले. बोटाने हवेत भागाकार केला. मला दिसलं की त्यांना उत्तर मिळालं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी डस्टर घेतलं आणि सगळ्या फळ्यावरून फिरवलं. आमचे दोघींचेच नाही, साऱ्या टीमचे आकडे पुसले. यादीत माझं नाव खोडलं, तिचं लिहिलं. मला वाटलं, झालं. संपलं.

पण सरांनी सरावाला आलेल्या सगळ्या मुलींना आत बोलावलं. खापरखेडाही होती, आठवडा संपेपर्यंत येणार होती ती. सर म्हणाले, "ऐका गं पोरींनो. आज मी एक चीज पाहिली. या पोट्टीनं सोताची जागा मैत्रिणीसाठी सोडली. असं मन पाहिजे! टाळ्या वाजवा."

टाळ्या वाजल्या. मी म्हटलं, "सर, तसं नाही. ती जागा माझी नव्हतीच. तिच्या धावा जास्त आहेत. नव्वद जास्त आहेत."

"अन् वरून विनय पहा!" सर म्हणाले. टाळ्या आणखी जोरात वाजल्या.

सरांनी काय केलं ते मला दिसत होतं. त्यांची चूक पुसली गेली आणि माझा त्याग लिहिला गेला. मी भडकून आणखी एकदा बोलले, आवाज चढवून बोलले, आणि जितकी बोलले तितकी थोर ठरत गेले. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं आणि खाली उतरू देत नव्हते. तेवढ्यात कुणीतरी खापरखेड्याला पुढे ढकललं. "थँक यू तर म्हण तिले!" ती माझ्यासमोर आली. काल पायऱ्यांवर होता त्यापेक्षा आज तिचा चेहरा कितीतरी कठोर होता. ती म्हणाली, "थँक यू." तिच्या हक्काची वस्तू तिला सगळ्यांसमोर माझ्या हातून भीक म्हणून घ्यायला लावली होती, आणि त्या टाळ्यांतली एक, अगदी एक, मला बरी वाटली होती. ती बरी वाटली हेही मला विसरता येत नाही.

घरी मी बाबांना खरं ते सांगितलं. बाबा म्हणाले, "पेढे वाटून झाले ना गा." गा खरं तर पोरांना म्हणतात, पण बाबा घाईत असले की मलाही गा म्हणायचे.

स्पर्धेतला आमचा पहिला सामना आमच्याच मैदानावर होता. मी स्कोअरबुक घेऊन सीमारेषेबाहेर टेबलाशी बसले होते. खापरखेड्याने अठ्ठेचाळीस केल्या. जिंकलो. ती पॅड काढत होती तेव्हा एक गृहस्थ मैदान ओलांडून थेट माझ्याकडे आले. वीज केंद्राच्या ड्युटीचा निळा शर्ट, हातात टोपी. मागोमाग ती धावत आली, एक पॅड अजून पायात.

"तूच ना वं ती?" त्यांनी विचारलं आणि दोन्ही हात जोडले. माझ्या बाबांपेक्षा वयाने मोठे होते ते. "पोरी, तू जागा सोडली म्हणून माझी लेक खेळली आज. साऱ्या कॉलेजात तुझंच नाव घेऊन राहिले."

"बाबा, तिनं नाही दिली," खापरखेडा म्हणाली. "जागा माझीच होती. सरचा हिशोब चुकला होता."

"चूप!" ते तिच्यावर ओरडले. "कोणी उपकार केला तर जाण ठेवावी माणसानं. असं बोलतेत काय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिने खरं सांगितलं तर तो उद्धटपणा ठरला होता, आणि मी तेच सांगितलं तेव्हा तो विनय ठरला होता. मी खुर्चीवरून उठले. त्यांचे जोडलेले हात मी धरले आणि खाली केले, कारण दुसरं काही सुचेना.

"काका, ती खरं बोलते आहे. मी काहीच दिलं नाही. दोघी सारख्याच वेळा आउट झालो. तिच्या धावा तीनशे चोवीस, माझ्या दोनशे चौतीस. सरांनी चुकीचा भागाकार केला म्हणून मी पुढे दिसले. जागा पहिल्यापासून तिचीच होती."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग लेकीकडे बघितलं. "हिच्या जास्त होत्या?"

"हो. नव्वद जास्त."

"अन् तुले हे कधी कळलं?"

"यादी जायच्या आदल्या दिवशी. दुपारी, वर्गात."

"दुपारी," ते म्हणाले. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, सावकाश, दोन्ही हातांनी. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होते. "मंग त्या रात्री माझी पोरगी जेवली नाही. बॅट पलंगाखाली टाकून दिली अन् म्हणे, बाबा, आता नाही खेळत मी. तेव्हा तू काय करून राहिली होती?"

मी रन रेट काढत होते. वरणभात दोनदा घेतला होता. मी मान खाली घातली, आणि ते उत्तराची वाट बघत तिथेच उभे राहिले.